आजार एक, पैसे देणारे अनेक
(अमेरिकेतील आरोग्यसेवेचे स्तर आणि तिचा पैसा : प्रस्तावना)

1962 साली सिएटल शहरात सात जणांची एक समिती बसत असे. त्यात एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँक अधिकारी, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांपैकी डायलिसिस कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणे एवढेच या समितीचे काम. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दोनच वर्षांपूर्वी हाताच्या रक्तवाहिन्यांना टेफ्लॉनची नळी जोडून ठेवण्याची युक्ती काढली होती. त्यामुळे तोवर चार-दोन वेळाच करता येणारे डायलिसिस वर्षानुवर्षे करता येऊ लागले. पण यंत्रे मोजकी होती आणि खर्च अफाट होता. डॉक्टरांच्या चाळणीतून जे उरत, त्यांचे उत्पन्न, शिक्षण, पदरची मुले, चर्चमधला वावर असे सगळे पाहून समिती निवड करी. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी या समितीवर लेख लिहिला आणि वाचकांना धक्का बसला.

नऊ वर्षांनी, नोव्हेंबर 1971 मध्ये, शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, तीही डायलिसिसचे यंत्र जोडलेले असताना. पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरला, शनिवारी, सिनेटमध्ये जेमतेम अर्धा तास चर्चा होऊन एक दुरुस्ती मंजूर झाली. अध्यक्ष निक्सन यांनी ऑक्टोबरअखेर सही केली आणि 1 जुलै 1973 पासून वय काहीही असो, मूत्रपिंडे निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलू लागली. अट एकच होती : रुग्णाने, त्याच्या जोडीदाराने किंवा आईवडिलांनी ठरावीक काळ सोशल सिक्युरिटीची वर्गणी भरलेली असावी. सिएटलसारख्या समित्यांची गरज त्यानंतर उरली नाही.

अमेरिकेने एका आजाराला दिलेले हे सार्वत्रिक संरक्षण आहे, आणि ते त्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यावर दिलेले आहे. तिथे मूत्रपिंडे निकामी होण्याच्या चारपैकी तीन घटनांमागे मधुमेह किंवा रक्तदाब असतो. दोन्ही आजार शेजारच्या साध्या दवाखान्यात ओळखता येतात आणि स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतात. त्या गोळ्यांसाठी, त्या तपासणीसाठी मात्र असे सार्वत्रिक संरक्षण नाही. शेवटच्या टप्प्याची हमी आहे, पहिल्या टप्प्याची नाही, हे कसे घडले? त्यामागे कोणाचा दुष्टपणा नसून पैशाची रचना आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. आरोग्यसेवेचे स्तर आणि तिचा पैसा हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या ग्रंथांत अभ्यासले जातात. इथे ते एकत्र वाचले आहेत, कारण आजार जसजसा वरच्या स्तराला चढतो तसतसा अमेरिकेत पैसे देणाराही बदलतो.

नव्या वाचकासाठी आधी स्तरांविषयी. 1920 साली ब्रिटनमध्ये लॉर्ड डॉसन यांच्या अहवालाने आरोग्यसेवेची उतरंड आखली. खाली प्राथमिक केंद्रे, मध्ये द्वितीय स्तराची रुग्णालये, वर वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली मोठी रुग्णालये. मराठी वाचकाला ही रचना घरची आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज ही तिचीच आपल्याकडची मांडणी. अमेरिकेत अशी उतरंड कोणी वरून आखली नाही. तिथे ही नावे सेवेच्या प्रकाराला दिली जातात. फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ यांची पहिली भेट हा प्राथमिक स्तर. हृदयरोगतज्ज्ञ, साधी शस्त्रक्रिया, नेहमीचे रुग्णालय हा द्वितीय. प्रत्यारोपण, गुंतागुंतीचा कर्करोग, विद्यापीठाचे रुग्णालय हा तृतीय. एकाच इमारतीत तिन्ही सापडू शकतात.

कोणत्या स्तरावर किती काम असते, याचे सर्वात गाजलेले उत्तर 1961 सालचे आहे. कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एक हजार प्रौढांपैकी एका महिन्यात साधारण 750 जणांना काही ना काही दुखणे जाणवते. त्यांतले 250 डॉक्टरकडे जातात, नऊ रुग्णालयात दाखल होतात, आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो फक्त एक. चाळीस वर्षांनी हाच अभ्यास नव्या आकड्यांनी पुन्हा केला गेला, तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बार्बरा स्टारफिल्ड यांनी पुढे आयुष्यभर हे मांडले की प्राथमिक सेवा म्हणजे स्वस्तातली कमी प्रतीची सेवा नव्हे. पहिला संपर्क, वर्षानुवर्षे टिकणारे नाते, बहुतेक तक्रारी तिथेच हाताळणे आणि इतरांच्या उपचारांचा मेळ घालणे ही चार कामे दुसरा कोणताही स्तर करू शकत नाही. तरीही अमेरिकेच्या एकूण आरोग्य-खर्चापैकी प्राथमिक सेवेच्या वाट्याला जेमतेम पाच टक्के येतात. 2023 मध्ये तो एकूण खर्च माणशी साडेचौदा हजार डॉलरच्या घरात होता.

आता पैशाची गोष्ट. अमेरिकी आरोग्य-विमा रुग्णालयाच्या दारात जन्मला. 1929 च्या अखेरीस डॅलसमधील बेलर विद्यापीठ रुग्णालयाची बिले थकत होती. रुग्णालयाचा कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किम्बॉल पूर्वी शहराच्या शाळांचे अधीक्षक होते. थकबाकीदारांत त्यांना आपल्या ओळखीची शिक्षकमंडळी दिसली. त्यांनी शिक्षकांपुढे प्रस्ताव ठेवला : महिन्याला 50 सेंट भरा, वर्षात 21 दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याचा खर्च आमचा. यातूनच पुढे ब्लू क्रॉस उभे राहिले. या योजनेत डॉक्टरच्या दवाखान्यातली भेट नव्हती, औषध नव्हते. होती ती खाट. रुग्णालयाला हमखास पैसा हवा होता आणि शिक्षकांना अचानक येणाऱ्या मोठ्या बिलापासून संरक्षण हवे होते. क्वचित येणारा मोठा खर्च अनेकांत वाटून घेणे, हे विम्याचे मूळ काम तिथे चोख झाले.

दुसऱ्या महायुद्धाने या रोपट्याचे झाड केले. 1942 मध्ये पगारवाढीवर सरकारी बंधन आले, पण विम्यासारख्या सवलतींना त्यातून सूट मिळाली. कामगार टिकवण्यासाठी कंपन्या विमा देऊ लागल्या आणि 1954 च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही, हे पक्के केले. आज निम्म्याहून थोडे अधिक अमेरिकी लोक मालकाच्या विम्यावर आहेत. 2024 मध्ये एका कुटुंबाचा सरासरी वार्षिक हप्ता साडेपंचवीस हजार डॉलरच्या आसपास होता. ही करसवलत म्हणजे सरकारने न उचललेला महसूलच आहे. तेव्हा 'खासगी' विम्यातही कराचा पैसा मिसळलेला आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

अध्यक्ष ट्रूमन यांनी 1945 मध्ये साऱ्या देशासाठी राष्ट्रीय विमा सुचवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला समाजवादाचे लेबल लावून तो हाणून पाडला. वीस वर्षांनी, 30 जुलै 1965 रोजी, मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन अध्यक्ष जॉन्सन यांनी म्हाताऱ्या ट्रूमन यांच्या शेजारी बसून मेडिकेअर आणि मेडिकेड यांवर सही केली. या दोन योजनांची नावे जवळजवळ सारखी असली तरी पैशाची कुळे वेगळी आहेत. मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर चालतो : 1.45 टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे. तिचा डॉक्टरांचा भाग मात्र मुख्यतः सर्वसाधारण करांवर चालतो. ज्येष्ठांच्या हप्त्यातून त्याचा साधारण चौथा हिस्सा निघतो. मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना पूर्णपणे कराच्या पैशावर, केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीत चालते. तरी रुग्णाच्या हातात पडते ते विम्यासारखेच कार्ड, आणि तो जातो खासगी डॉक्टरकडेच.

पैसाही कराचा आणि दवाखानाही सरकारचा, असे अमेरिकेत मुख्यतः दोन ठिकाणी घडते : माजी सैनिकांची रुग्णालये आणि आदिवासी अमेरिकनांसाठीची इंडियन हेल्थ सर्व्हिस. खासगी विमा, सरकारी पैसा पण खासगी डॉक्टर, आणि सरकारी दवाखाना या तिन्हींखेरीज चौथा एक प्रकार मधला आहे. 1933 मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कालव्यावर राबणाऱ्या मजुरांसाठी डॉ. सिडनी गारफील्ड यांनी दिवसाला पाच सेंट आगाऊ घेऊन सेवा देणे सुरू केले. आगाऊ पैसे हाती आल्यावर मजूर जखमी न होणेच डॉक्टरच्या फायद्याचे ठरले, आणि बाहेर आलेले खिळे ठोकून बसवण्यापर्यंत त्यांचे लक्ष जाऊ लागले. यातूनच कैझर परमनन्टे ही विमा, दवाखाने आणि रुग्णालये एकाच छताखाली चालवणारी संस्था वाढली.

या चार वाटांत कोणती चांगली, हा वाद अमेरिकेत अनेक दशके चालू आहे. विमावादी म्हणतात की निवडीचे स्वातंत्र्य आणि स्पर्धा राहते. करवादी म्हणतात की सगळ्यांना सामावून घेता येते आणि कारकुनीचा खर्च वाचतो. दोन्ही पक्षांकडे बळकट पुरावे आहेत. पण हा वाद स्तर बाजूला ठेवून केला की पोकळ होतो. प्राथमिक सेवेचा खर्च लहान, ठरलेला आणि पुन्हा पुन्हा येणारा असतो. ठरलेल्या खर्चाचा विमा काढणे म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याच्या हातून, त्याची मजुरी देऊन, परत घेणे. म्हणून विमा कंपनी इथे डिडक्टिबल लावते, म्हणजे वर्षातला पहिला दीड-दोन हजार डॉलरचा खर्च रुग्णाने स्वतः करायचा. 2010 च्या कायद्याने काही प्रतिबंधक तपासण्या यातून मोकळ्या केल्या. रक्तदाब मोजणे फुकट झाले, पण निदानानंतरच्या भेटी आणि रक्ताच्या चाचण्या डिडक्टिबलमध्येच राहिल्या.

पुन्हा मूत्रपिंडाकडे वळू, कारण तिथे ही रचना डोळ्यांनी दिसते. पूर्व टेक्सासमधल्या एका गावात छपरे शाकारणारा अठ्ठेचाळीस वर्षांचा, एकटा राहणारा मजूर कल्पावा. वर्षाची मिळकत 14 हजार डॉलर. 2010 च्या त्याच कायद्याने देऊ केलेला मेडिकेडचा विस्तार टेक्सासने स्वीकारलेला नाही, त्यामुळे मूलबाळ नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड मिळत नाही. त्याची मिळकत दारिद्र्यरेषेखाली असल्याने विम्याच्या बाजारपेठेतले अनुदानही नाही. ते त्या रेषेच्या वरच्यांना मिळते. औषधाच्या दुकानातल्या यंत्रावर त्याचा रक्तदाब 170 दिसतो. डोके दुखत नाही, काम चालू असते, म्हणून तो डॉक्टरकडे जात नाही. मूत्रपिंडाचा आजार फार उशिरापर्यंत मुका असतो. तो असलेल्या दहा अमेरिकी प्रौढांपैकी नऊ जणांना त्याचा पत्ताच नसतो. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन साध्या चाचण्यांत तो सापडला असता. लिसिनोप्रिलसारखी जेनेरिक गोळी महिन्याला काही डॉलरमध्ये मिळते आणि ऱ्हासाचा वेग कमी करते.

काही वर्षांनी पाय सुजतात, दम लागतो आणि तो इमर्जन्सीत पोहोचतो. 1986 च्या कायद्यामुळे रुग्णालय त्याला पैशांअभावी परत पाठवू शकत नाही. मानेतल्या शिरेत नळी घालून त्याच रात्री डायलिसिस सुरू होते. इथे जाणकाराची नजर त्या नळीवर जाते. आजार वेळेत ओळखला गेला असता तर हातावर फिस्ट्युला, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून केलेली जागा, काही महिने आधी तयार करता आली असती. ती पक्की व्हायला आठवडे ते महिने लागतात. मानेतली नळी जंतुसंसर्गाला निमंत्रण देते. अमेरिकेत डायलिसिस सुरू करणाऱ्या पाचांपैकी सुमारे चार जण नळीवरच सुरुवात करतात. एखाद्या प्रदेशातली प्राथमिक सेवा कशी चालली आहे हे तपासायचे, तर मोठ्या रुग्णालयाची इमारत पाहण्यापेक्षा हा आकडा पाहावा.

चौथ्या महिन्यापासून या मजुराला मेडिकेअर लागू होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, त्याच्या यंत्राचा बहुतेक खर्च आता देश भरतो. त्याच्याकडे मालकाचा विमा असता, तर पहिले तीस महिने त्या विम्याला पहिला खर्च उचलावा लागला असता. त्यानंतर मेडिकेअर पुढे होते. म्हणजे खासगी विमा कंपनीसाठीही हा खर्च कायमचा नसतो. शिवाय अमेरिकी कामगाराने नोकरी बदलली की विमाही बदलतो. आज रक्तदाबावर खर्च करणाऱ्या कंपनीला पंधरा वर्षांनी वाचलेले डायलिसिस आपल्या हिशेबात कधीच दिसत नाही. ती बचत मेडिकेअरची असते. प्रतिबंधाचा खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची, ही या रचनेतली मुख्य फट आहे. पारंपरिक मेडिकेअरमध्ये या रुग्णांची संख्या एक टक्क्याच्या आसपास असताना खर्च मात्र सहा-सात टक्के होतो, तो याच फटीतून.

हीच फट बुजवल्यावर काय होते, याचे उदाहरणही याच देशात आहे, आणि ते सर्वात गरीब यंत्रणेतून आले आहे. आदिवासी अमेरिकनांमध्ये मधुमेह फार मोठ्या प्रमाणावर आहे. 1997 मध्ये काँग्रेसने त्यांच्यासाठी मधुमेहाचा स्वतंत्र निधी मंजूर केला. इंडियन हेल्थ सर्व्हिसने वस्तीवरच्या दवाखान्यांत नोंदवही ठेवली, मूत्रपिंडाच्या चाचण्या नियमित केल्या, रक्तदाबाच्या गोळ्या सरसकट सुरू केल्या. डॉक्टरच्या जोडीला परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि वस्तीतले कार्यकर्ते दिले. 1996 ते 2013 या काळात मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण तिथल्या प्रौढांत 54 टक्क्यांनी घटले. करातून आलेला पैसा, आयुष्यभर सांभाळायची तीच माणसे आणि एकच जबाबदार संस्था असल्यावर प्राथमिक स्तर काय करू शकतो, ते यात दिसते.

पण याच यंत्रणेची दुसरी बाजूही पुस्तक लपवत नाही. तिला दरवर्षी काँग्रेस जेवढे मंजूर करील तेवढेच मिळते. तज्ज्ञाकडे किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचा निधी ठरलेला असतो. तो संपत आला की जिवावर बेतलेल्यांनाच पुढे पाठवले जाते आणि गुडघा, पित्ताशय, मोतीबिंदू यांना थांबावे लागते. जूननंतर आजारी पडू नका, अशी कडवट म्हण त्या वस्त्यांवर रूढ आहे. विमा खालच्या स्तरावर कंजूष आणि वरच्या स्तरावर सढळ. कराचा बांधील निधी नेमका उलट. माजी सैनिकांच्या यंत्रणेने हेच मोठ्या प्रमाणावर अनुभवले. 1994 नंतर केनेथ कायझर यांनी निम्म्याहून अधिक खाटा बंद करून शेकडो बाह्यरुग्ण केंद्रे उघडली, संगणकीय नोंदी आणल्या, आणि ती सेवा देशात नावाजली गेली. पण 2014 मध्ये फीनिक्सच्या रुग्णालयात भेटीसाठीची खरी प्रतीक्षा लपवणाऱ्या याद्या उघडकीस आल्या आणि खात्याच्या मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. निधी तुटपुंजा पडला की विम्याच्या रचनेत ती तूट बिलात दिसते, कराच्या रचनेत रांगेत.

हा विषय आज वाचण्याची निकडही आहे. जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडवरील अनेक प्रौढांना कामाची अट घातली असून ती 2027 पासून लागू करायचे ठरवले. विमा गमावलेले लोक आजारी पडायचे थांबत नाहीत. ते प्राथमिक स्तर चुकवून थेट इमर्जन्सीत येतात. दुसरे कारण घरचे आहे. भारताने 2018 मध्ये आयुष्मान भारतखाली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याआधीपासून चालू आहे. दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे, तर प्राथमिक आरोग्य केंद्र थेट सरकारी तिजोरीवर चालते. अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलांचे आईवडील भेटीला जातात, तेव्हा प्रवासी विम्यात त्यांचा जुना मधुमेह आणि रक्तदाब सहसा वगळलेला असतो. ग्रीन कार्ड मिळाले तरी अमेरिकेत स्वतः नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर विकत घेण्यासाठीदेखील पाच वर्षे तिथे राहावे लागते. असे हजारो मराठी घरांचे हिशेब या रचनेला बांधलेले आहेत.

हे पुस्तक विमा की कर, असा कौल देत नाही. ते प्रत्येक स्तरावर तीन प्रश्न विचारते : इथला खर्च क्वचित येणारा आहे की ठरलेला, तो भरणारा कोण, आणि रुग्ण बरा राहिला तर वाचलेला पैसा कोणाच्या खात्यात पडतो. मानसिक आरोग्य, दात आणि वृद्धांची दीर्घ शुश्रूषा यांची पैशाची गणिते स्वतंत्र आहेत, म्हणून ती इथे ओझरतीच येतात. आकडे शक्य तिथे 2023 आणि 2024 चे घेतले आहेत, आणि राज्याराज्यांत नियम वेगळे असल्याने प्रत्येक उदाहरणासोबत राज्याचे नाव दिले आहे. टेक्सासचे सत्य मॅसॅच्युसेट्समध्ये खोटे ठरू शकते, हे वाचकाने पहिल्या पानापासून गृहीत धरावे.